चौघांचा प्रोजेक्ट, एकाचा रेझ्युमे

इंजिनीअरिंग कॉलेजात कॅम्पस मुलाखती सुरू असतात तेव्हा टेबलावरच्या गठ्ठ्यात एक गोष्ट हमखास दिसते. लागोपाठ चार रेझ्युमेंवर एकाच प्रोजेक्टचं नाव असतं. ‘डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ ओनियन ग्रेडिंग मशीन’ असं काहीतरी. नावाखालच्या दोन ओळीही शब्दशः सारख्या असतात, कारण चौघांनी त्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या सारांशातून उचललेल्या असतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन-चार जणांच्या गटानं करायचा असतो, त्यामुळे नाव सारखं असणं साहजिकच आहे. पण शाफ्टचं गणित कुणी केलं, वर्कशॉपमध्ये उभं राहून वेल्डिंग कुणी करून घेतलं आणि कोण फक्त सबमिशनच्या वेळी हजर झाला, हे त्या कागदांवरून मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही. चौघंही त्याला सारखेच दिसतात.

नोकरीचा अनुभव नाही म्हणजे लिहायला काही नाही, अशी या मुलामुलींची समजूत असते. मग पान भरण्यासाठी करिअर ऑब्जेक्टिव्ह येतं, छंद येतात, ‘हार्डवर्किंग’ आणि ‘क्विक लर्नर’ येतात. खरं तर लिहिण्याजोगं काम बहुतेकांनी केलेलं असतं. ते अशा पद्धतीनं लिहिलं जातं की त्यातलं स्वतःचं काम पुसून जातं. म्हणून या लेखात एकाच विद्यार्थिनीचं पान उदाहरण म्हणून घेऊ आणि ते कसं तयार होतं ते पाहू. ही विद्यार्थिनी आणि तिचे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, पण अशा मुली कोल्हापूर, सांगली, नाशिक, संभाजीनगर इथल्या कुठल्याही मेकॅनिकलच्या वर्गात भेटतील. दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सुट्टीत चार आठवडे एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप, आणि शेवटच्या वर्षाला तोच कांद्याचा प्रोजेक्ट.

आधी हे पान वाचतं कोण, ते पाहू. कॅम्पसमध्ये दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवीचे टक्के, बॅकलॉग वगैरेंची पहिली चाळणी बहुतेक वेळा प्लेसमेंट ऑफिसनं किंवा कंपनीनं भरून घेतलेल्या फॉर्मवरून होते. लेखी परीक्षेचे गुण वेगळे असतात. या दोन्हींतून पार पडल्यावर रेझ्युमे टेक्निकल मुलाखत घेणाऱ्याच्या हातात जातो. हा माणूस बहुतेक वेळा त्याच कंपनीतला इंजिनीअर असतो. मुलगी आत येऊन बसेपर्यंत तो कागदावरून नजर फिरवतो आणि पहिला प्रश्न कुठून विचारायचा ते ठरवतो. म्हणजे रेझ्युमे ही विद्यार्थिनीनं स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका असते. ज्या ओळीवर तिला पाच मिनिटं बोलता येईल ती ओळ तिथे असावी. जी ओळ वाचून समोरच्यानं प्रश्न विचारला तर तिला घाम फुटेल, ती नसावी.

हा निकष लावला की पान पटापट मोकळं होतं. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता हे सगळं जुन्या बायोडाटातून आलेलं आहे आणि त्यावर कुणी तांत्रिक प्रश्न विचारत नाही. करिअर ऑब्जेक्टिव्हची ओळ सगळ्यांची सारखीच असते. शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र, तारीख आणि सही यांना दोन-तीन ओळी जातात. कॉलेजनं ठरावीक नमुना सक्तीचा केला असेल तर कॅम्पसपुरता तो पाळावा, त्यावरून प्लेसमेंट ऑफिसशी वाद घालण्यात अर्थ नाही. बाहेर स्वतंत्रपणे अर्ज करताना मात्र ही जागा कामासाठी वापरावी.

वर नाव, मोबाइल, ईमेल आणि शहर एवढं पुरे. ईमेलचा पत्ता नावाचाच असावा. त्याखाली शिक्षण तीन ओळींत: पदवी, डिप्लोमा, दहावी, प्रत्येकासमोर वर्ष आणि गुण. ५९.६ टक्क्यांचे ६० करू नयेत. मूळ गुणपत्रिका रुजू होताना तपासल्या जातात आणि तेव्हा उघडकीला आलेली तफावत हातात आलेली नोकरी घालवू शकते. राहिलेलं जवळजवळ तीन चतुर्थांश पान प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपचं.

आता कांद्याचं यंत्र. आडव्या ड्रमला टप्प्याटप्प्यानं मोठी होत जाणारी भोकं असतात. ड्रम फिरतो, कांदे पुढे सरकतात, लहान कांदे आधी खाली पडतात आणि मोठे शेवटी. गटात एकानं सांगाडा केला, एकानं ड्रम आणि भोकांची मापं ठरवली, एकानं खर्च आणि रिपोर्ट सांभाळला. आपल्या विद्यार्थिनीकडे ड्रम फिरवणारी यंत्रणा होती. रेझ्युमेच्या पहिल्या मसुद्यात तिनं लिहिलं: ‘शेतकऱ्यांचे श्रम व वेळ वाचवणारे, कमी खर्चाचे, कार्यक्षम यंत्र तयार केले.’ या ओळीवर मुलाखतीत काय विचारणार? ‘यंत्र काय करतं?’ एवढंच. आणि त्याचं उत्तर उरलेले तिघंही तितकंच चांगलं देऊ शकतात.

तिला तीन गोष्टी विचारायला हव्यात. तू स्वतः काय ठरवलंस किंवा केलंस? किती? आणि ते बरोबर आहे हे तुला कसं कळलं? उत्तरं तिच्याकडे होती, रिपोर्टच्या मधल्या पानांत आणि वर्कशॉपच्या वहीत. मोटर अर्ध्या एचपीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. तिच्यापुढे ३०:१ चा गिअरबॉक्स, म्हणजे ४८ फेऱ्या. मग गिअरबॉक्सवर ३ इंची पुली आणि ड्रमच्या शाफ्टवर ६ इंची, म्हणजे ड्रम मिनिटाला २४ फेऱ्या घेणार. चाचणीत या वेगाला कांदे ड्रमच्या भिंतीबरोबर वर चढायचे आणि तिथून खाली आदळायचे. साली निघायच्या, काही कांद्यांना मार लागायचा. तिनं ६ इंची पुली काढून १० इंची बसवली. वेग १४ फेऱ्यांच्या आसपास आला आणि कांदे घरंगळत पुढे जायला लागले. दोन्ही वेगांना तिनं दोनशे-दोनशे कांदे तपासले होते. आधी ३१ कांद्यांच्या साली निघाल्या होत्या, नंतर ९ कांद्यांच्या. प्रतवारीही तिनं कॅलिपर लावून पाहिली. २०० पैकी १७६ कांदे योग्य कप्प्यात पडले होते. चुकलेल्यांत बहुतेक लांबट कांदे होते, कारण लांबट कांदा उभा झाला की आपल्या आकारापेक्षा लहान भोकातून निसटतो.

रेझ्युमे इंग्रजीत असतो, पण मजकूर मराठीत सांगायचा तर तिची नवी नोंद अशी झाली: ‘कांदा प्रतवारी यंत्र, चौघांचा गट. माझा भाग: ड्रमची चालन यंत्रणा. मोटर, ३०:१ गिअरबॉक्स, पुली आणि शाफ्ट यांची गणितं व निवड. चाचणीत मार लागणाऱ्या कांद्यांमुळे ड्रमचा वेग मिनिटाला २४ वरून १४ फेऱ्यांवर आणला. साल निघालेले कांदे २०० पैकी ३१ वरून ९. प्रतवारीची अचूकता ८८ टक्के (२०० कांदे). चुका मुख्यतः लांबट कांद्यांत.’

या मजकुरात कामाची फुशारकी कुठेच नाही, पण प्रत्येक तुकड्यावर प्रश्न विचारता येतो. वेग कमी केल्यावर तासाला किती कांदा निघायचा, तो कमी झाला का? शाफ्टचा व्यास कसा काढला? पट्टा सरकत होता का? लांबट कांद्यांचं काय करता येईल? यंत्र अपुरं कुठे पडलं ते लिहायला मुलं घाबरतात. माझं मत उलट आहे. ८८ टक्के आणि त्यामागचं कारण लिहिणाऱ्या मुलीनं कांदे खरोखर मोजले आहेत, हे शॉप फ्लोअरवर वर्षं काढलेल्या माणसाला लगेच कळतं. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढली’ असं लिहिणाऱ्याला तो हमखास विचारतो, कशाच्या तुलनेत? आणि तिथे बहुतेक मुलं गप्प होतात, कारण आधीचा आकडा मोजलेलाच नसतो. आकडा नसेल तर आकड्याविना लिहावं. काय केलं आणि का केलं एवढं स्वच्छ सांगितलं तरी नोंद उभी राहते.

इथे एक अडचण येते, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अनेक कॉलेजांत कॅम्पसचा हंगाम सातव्या सत्राच्या सुरुवातीला, जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होतो. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं नाव जेमतेम मंजूर झालेलं असतं. चाचण्या होतात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या वेळी रेझ्युमे सर्वांत जास्त लागतो त्या वेळी मोठा प्रोजेक्ट अर्धवट असतो. मुलं मग न झालेलं यंत्र झालं म्हणून लिहितात आणि पहिल्याच प्रश्नाला अडकतात. ऑगस्टमधल्या पानावर या विद्यार्थिनीनं ‘काम सुरू’ असं उघड लिहावं आणि झालं तेवढंच मांडावं: वेगाचं गृहीत, मोटर-गिअरबॉक्सची निवड, शाफ्टचं ड्रॉइंग. त्या महिन्यांत पानाचा भार पूर्ण झालेल्या कामांनी उचलायचा. तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट, डिप्लोमाचा प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. डिप्लोमा करून आलेल्यांकडे एक पूर्ण झालेला प्रोजेक्ट जास्त असतो आणि तो ‘जुना’ म्हणून गाळण्याची चूक बरेच जण करतात. मार्चमध्ये चाचण्या झाल्या की तीच नोंद आकड्यांसह पुन्हा लिहावी.

इंटर्नशिपच्या बाबतीत गोंधळ वेगळा असतो. तिथे मुलं कंपनीचं वर्णन करतात. ‘सीएनसी, व्हीएमसी, क्वालिटी, स्टोअर्स या विभागांची माहिती घेतली, सुरक्षेचे नियम शिकले.’ चार आठवड्यांत एवढंच झालं असेल तर लिहायला खरोखर फार नाही. पण बहुतेक वेळा काहीतरी झालेलं असतं. आपल्या विद्यार्थिनीला मशीन शॉपमध्ये क्वालिटीच्या टेबलावर बसवलं होतं. पंपाच्या ओतीव भागातलं गोल भोक, ज्याला तिथे सगळे बोअर म्हणतात, ते बोअर गेजनं मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. कंटाळवाणं काम. तिला वाटलं होतं, हे काय रेझ्युमेवर लिहायचं!

पण रजिस्टर भरता भरता तिला एक गोष्ट दिसली. बोअर मोठा झाल्यामुळे बाद होणारे नग एकटेदुकटे येत नव्हते, काही ठरावीक वेळांनाच येत होते. तिनं तीन आठवड्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये घातल्या आणि ऑपरेटरला विचारून इन्सर्ट कधी बदलला त्या वेळा शेजारी लिहिल्या. इन्सर्ट म्हणजे धातू कापणारी छोटी बदलती धार. ती झिजत जाते तसा बोअर किंचित लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर मशीनवर ऑफसेट देऊन टूल थोडं बाहेर घेतो. नवी धार बसवल्यावर तो जुना ऑफसेट काढला नाही, तर पहिला नग मोठा कापला जातो. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो. मोठा झाला तर नग बाद. मोठ्या बोअरमुळे बाद झालेल्या १४ नगांपैकी ९ नग इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले किंवा दुसरे होते. तिनं हा तक्ता सुपरवायझरना दाखवला. त्यांनी इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मोजूनच पुढचा लावायचा, असं ऑपरेटरना सांगितलं. त्यानंतर काय झालं ते पाहायला ती तिथे नव्हती.

नोंद अशी: ‘इंटर्न, क्वालिटी विभाग, ४ आठवडे. पंपाच्या भागातील बोअरची बोअर गेजनं तपासणी व नोंद. तीन आठवड्यांच्या नोंदींचं एक्सेलमध्ये विश्लेषण. मोठ्या बोअरमुळे बाद १४ नगांपैकी ९ इन्सर्ट बदलानंतरचे पहिले-दुसरे नग असल्याचं दाखवलं. त्यावरून सुपरवायझरनी पहिला नग तपासण्याची सूचना दिली.’ निर्णय सुपरवायझरचा होता, तो त्यांच्याच नावावर ठेवला आहे. ‘रिजेक्शन कमी केलं’ असं तिनं लिहिलेलं नाही, कारण ते तिनं पाहिलेलं नाही. मुलाखतीत याच जागी सर्वांत चांगला संवाद होऊ शकतो. समोरचा माणूस क्वालिटीतला असेल तर त्याच्या शॉपमध्येही हाच त्रास असण्याची शक्यता बरीच आहे.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. कंपनीचा ग्राहक कोण, ड्रॉइंग नंबर काय, नगाचे फोटो, असल्या गोष्टी पानावर किंवा लिंक्डइनवर टाकू नयेत. भागाचा प्रकार सांगितला की पुरतं. आकडे वापरायला हरकत नाही ना, हे निघण्यापूर्वी सुपरवायझरना विचारून घ्यावं.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांचं काय? पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र मिळणारी इंटर्नशिप आणि शहरातल्या दुकानातून तयार विकत घेतलेला प्रोजेक्ट या दोन्ही गोष्टी आपल्या कॉलेजांत चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांवर पान उभं करू नये, कारण दुसऱ्या प्रश्नाला ते कोसळतं. पण विकत आणलेलं यंत्रसुद्धा समोर उभं असतं आणि त्याच्यावर खरं काम करता येतं. त्याचा वेग मोजा, किती वेळ न थांबता चालतं ते बघा, बिघडतं कुठे ते शोधा, एक भाग बदलून पुन्हा मोजा. मग ‘तयार केलं’ असं न लिहिता ‘चाचणी घेऊन सुधारणा केली’ असं लिहा. दोन शनिवार वर्कशॉपमध्ये काढले तरी तीन खऱ्या ओळी हाती येतात.

कौशल्यांची यादी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लहान ठेवावी. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, अँसिस, मॅटलॅब, पायथन, सी, सी++ अशी रांग लावली की मुलाखत घेणारा त्यातलं सर्वांत कच्चं नाव उचलतो. अँसिस लिहिलं असेल तर मेश किती बारीक घेतला आणि तो बारीक केल्यावर उत्तर बदललं का, हे तो विचारणारच. साधा नियम असा की वरच्या प्रोजेक्ट-इंटर्नशिपमध्ये जे वापरलेलं दिसतं तेच इथे यावं. या विद्यार्थिनीच्या यादीत म्हणून सॉलिडवर्क्स, एक्सेल आणि मोजमापाची साधनं एवढंच आहे: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. ही मोजमापाची साधनं बरेच जण लिहीतच नाहीत, आणि छोट्या-मध्यम कारखान्यांना नेमकं ती हाताळलेलं माणूस हवं असतं.

पान दिसायला साधंच असू द्यावं. तयार टेम्प्लेटमधले दोन रकाने, चौकटी, चिन्हं आणि कौशल्याचे भरलेले-रिकामे ठिपके पडद्यावर छान दिसतात, पण ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या प्रणालीला त्यातला मजकूर नीट वाचता येईलच असं नाही. हे घरी तपासता येतं. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी उलटसुलट झाल्या, डाव्या रकान्यातला फोन नंबर इंटर्नशिपच्या मध्ये घुसला, तर तिकडेही तसंच दिसण्याचा धोका आहे. ए-४ आकाराचं पान, १० किंवा ११ आकाराची अक्षरं आणि चारही बाजूंना किमान अर्धा इंच मोकळी जागा ठेवावी. त्यात मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नये, एक नोंद काढावी. एकदा काळी-पांढरी प्रिंट काढून पाहावी, कारण मुलाखतीच्या टेबलावर अनेकदा तीच असते आणि फिका निळा मजकूर तिच्यात जवळजवळ दिसेनासा होतो. फाइलचं नाव `resume_final_new2.pdf` असं ठेवलं तर शेकडो फाइलींत ती कुणाची हे कळत नाही. नाव, आडनाव आणि शाखा पुरे.

आणि एकच पान सगळीकडे पाठवू नये. मजकूर तोच राहतो, क्रम बदलतो. क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या जागेसाठी या विद्यार्थिनीनं इंटर्नशिप वर ठेवावी, कारण रजिस्टर आणि इन्सर्टची गोष्ट तिथल्या माणसाच्या रोजच्या कामातली आहे. डिझाइनच्या जागेसाठी कांद्याचं यंत्र वर यावं आणि त्यात शाफ्टचं गणित व ड्रॉइंग यांना एक ओळ जास्त मिळावी. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या सगळ्या शाखांची मुलं घेतात. तिथे बोअर गेज कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून तीच इंटर्नशिप नोंदींच्या बाजूनं लिहावी: किती मोजमापं होती, रजिस्टरातून एक्सेलमध्ये घेताना चुका कशा गाळल्या, कोणती वेळ कशाशी ताडून पाहिली. अर्ज पाठवण्याआधी जागेची जाहिरात शेजारी ठेवून पहिल्या दोन नोंदी वाचाव्यात आणि त्या जाहिरातीतल्या कामाशी जुळतात का ते बघावं. जुळत नसतील तर क्रम बदलायला दहा मिनिटं पुरतात.